टिपरचा शेवटचा स्टेज उठत नाही? रिलीफ व्हॉल्व पिळायच्या आधी हे बघा

हौदा अर्ध्याच्या वर जातो आणि तिथंच अडकतो, मग कुणीतरी पाना घेऊन प्रेशरची कमाल मर्यादा ठरवणारा रिलीफ व्हॉल्व आवळायला बसतो. सगळ्यात महागडी चूक हीच.

हौदा उचलणाऱ्या जॅकमध्ये एकात एक नळ्या असतात, प्रत्येक नळी म्हणजे एक स्टेज, आणि तेल सगळ्यांना एकाच प्रेशरनं ढकलतं. सगळ्यात जाड नळीचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळं तिला कमी प्रेशर पुरतं म्हणून ती आधी उठते, ती संपली की मधली, मग बारीक. समजा नळ्या १५०, १२५ आणि १०० मिमीच्या आहेत आणि सुरुवातीला जॅकवर १८ टन जोर येतोय, तर प्रेशर साधारण १०२ किलो प्रति चौरस सेंमी लागेल. मागून माल घसरत जातो तसा जोर कमी होतो, म्हणून बारीक नळीची वेळ येईपर्यंत ९ टन उरले तरी ११५ च्या आसपासच लागतं. पण ओला मुरूम पुढच्या कोपऱ्यात चिकटून बसला आणि जोर १४ टनच राहिला तर तीच नळी जवळपास १७८ मागते! व्हॉल्व १५० ला सेट असेल तर जॅक थांबणारच, आणि थांबतोय ते बरंच आहे. व्हॉल्व पिळून रेटलंत तर पंप, होज, सील यातलं काहीतरी जाणार, शिवाय वर उचललेला जड हौदा पलटी व्हायची भीती वेगळीच. खाली घ्या, माल मोकळा करा, मग परत उचला.

आता रिकामा हौदा उचलून बघा. रिकामा पूर्ण वर जातो आणि भरलेला अडकतो, तर बहुतेक मालाचा किंवा प्रेशरचा प्रश्न, पंप थकलेलाही असू शकतो. रिकामा पण तिथंच थांबतोय आणि पंप कुंईकुंई करतोय, तर आधी टाकीतलं तेल बघा. लेव्हल बघायची ती हौदा खाली बसलेला असताना, वर असताना बघून टाकी भरली की खाली येताना तेच तेल टाकीच्या हवेच्या नळीतून बाहेर सांडतं, हे बऱ्याच जणांना अंगावर तेल उडाल्यावरच कळतं 😅

उठण्याचा क्रमच चुकत असेल, म्हणजे जाडी बसलेलीच आणि मधली किंवा बारीक आधी बाहेर येतेय, तर जाडी नळी कुठंतरी धरतेय. ओरखडे, सुकलेली माती, नाहीतर वाकडेपणा. वाकडेपणा बहुतेक वेळा उताराच्या जागी माल ओतल्यानं येतो, कारण जॅक उचलायला आहे, हौद्याला बाजूनं आधार द्यायला नाही. क्रम बरोबर पण झटके देत उठत असेल तर बहुधा आत हवा आहे. रिकामा हौदा दोनचार वेळा सावकाश वरखाली करा, जॅकला हवा काढायचा स्क्रू असेल तर तो कंपनीच्या पद्धतीनंच सोडा. जॅकच्या भरवशावर हौद्याखाली डोकं घालू नका, आधी टेकू लावा.

आणि हो, बारीक नळीची पाळी आली की हौदा आपोआप जोरात वर जायला लागतो, त्यात बिघाड काही नाही. मिनिटाला ६० लिटरचा पंप जाडीला सेकंदाला साडेपाच-सहा सेंमी उचलतो, बारीकीला जवळपास पावणेतेरा. म्हणून शेवटाला रेस कमी करा, नाहीतर नळी टोकाला धाडकन आपटते.