पाच, पंचवीस आणि नव्व्याण्णवने गुणताना: आधी पूर्ण संख्या, मग दुरुस्ती

शालेय साहित्याच्या एका दुकानातील घाऊक बिल समोर ठेवू. त्यात 5 रुपयांच्या 347 पेन्सिली, 25 रुपयांच्या 143 वह्या आणि 99 रुपयांच्या 68 कंपासपेट्या आहेत. हे तीनही गुणाकार कागदावर उभे मांडून करता येतात, पण त्यात प्रत्येक ओळीला हातचे सांभाळावे लागतात. पाचच्या जागी दहा आणि पंचवीस किंवा नव्व्याण्णवच्या जागी शंभर धरले, तर गुणाकाराचे काम केवळ शून्ये जोडण्यापुरते उरते आणि सगळे लक्ष नंतरच्या दुरुस्तीकडे देता येते. ही दुरुस्ती दोन प्रकारची असते. पाच हा दहाचा निम्मा आणि पंचवीस हा शंभराचा पाव भाग असल्यामुळे तेथे भागायचे असते, तर नव्व्याण्णव शंभरापेक्षा फक्त एकने कमी असल्यामुळे तेथे वजा करायचे असते.

पेन्सिलींपासून सुरुवात करू. 347 ला 10 ने गुणले की 3470 येतात आणि त्यांचे निम्मे 1735. संख्या सम असेल, तर आधी निम्मे करून मग शून्य जोडणे अधिक सोपे पडते: 68 चे निम्मे 34, म्हणून 68 पंचे 340. विषम संख्येचे निम्मे करताना एक बाकी उरते, आणि त्या बाकीमुळे शेवटी शून्याऐवजी 5 येतो. 347 चे निम्मे 173 आणि बाकी 1, म्हणून 173 च्या पुढे 5 लिहिला की 1735 झाले. पाचबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे फारसे नाही.

वह्यांच्या ओळीत थोडे अधिक थांबावे लागते, कारण चारने भागताना 1, 2 किंवा 3 अशी बाकी उरू शकते. 143 ला 4 ने भागले की भागाकार 35 येतो आणि बाकी 3 उरते. येथे मराठीची जुनी सोय उपयोगी पडते. पूर्वी शाळांतून पाढ्यांबरोबर पावकी, निमकी आणि पाऊणकी पाठ करून घेत असत, आणि 143 ची पावकी म्हणजे पावणेछत्तीस. बाकी 1 असती तर सव्वापस्तीस, 2 असती तर साडेपस्तीस म्हटले असते. आता हे पावणेछत्तीस शेकडे आहेत एवढे लक्षात ठेवले, की पस्तीस शेकडे आणि वर पाऊण शेकडा, म्हणजे 3575, हे उत्तर कागदाशिवाय मिळते. बाकी 1 म्हणजे शेवटी 25, बाकी 2 म्हणजे 50, बाकी 3 म्हणजे 75, आणि बाकी नसेल तर दोन शून्ये.

चारने थेट भागणे जड जात असेल, तर दोनदा निम्मे करावे. 2638 चे निम्मे 1319, त्याचे निम्मे सहाशे साडेएकोणसाठ, म्हणजे 659 आणि अर्धा, म्हणून 2638 गुणिले 25 बरोबर 65950. येथे नेहमी होणारी चूक अशी, की भागाकारापुढे बाकीच तशीच लिहिली जाते, म्हणजे 35 च्या पुढे 3 लिहून 353 किंवा 3503 असे काहीतरी उत्तर काढले जाते. ती ओळखणे सोपे आहे: पूर्ण संख्येला 25 ने गुणल्यावर शेवटचे दोन अंक 00, 25, 50 किंवा 75 यांखेरीज दुसरे काही असूच शकत नाहीत.

आता कंपासपेट्या. प्रत्येक पेटी 100 रुपयांची धरली तर 68 पेट्यांचे 6800 झाले. पण प्रत्येक पेटीमागे एक रुपया जास्त धरला गेला आहे आणि पेट्या 68 आहेत, म्हणून 68 रुपये वजा करायचे: 6732. या रीतीतील सर्वांत मोठा धोका येथेच आहे. नव्व्याण्णव म्हणजे शंभर वजा एक, हे मनात इतके पक्के बसलेले असते की हात आपोआप 6800 मधून एकच वजा करतो आणि 6799 लिहितो. घाईत बेरजा करताना मीही हे केलेले आहे, आणि आकडा दिसायला गोंडस असल्याने त्याचा संशयही येत नाही. एकाची वाढ प्रत्येक नगावर झालेली असते, त्यामुळे ती काढतानाही जितके नग तितक्या वेळा काढावी लागते.

ही वजाबाकीसुद्धा उसने न घेता करता येते. 68 शेकड्यांपैकी एक शेकडा बाजूला काढला की 67 शेकडे उरतात, आणि त्या शंभरातून 68 गेले की 32 उरतात. शंभराच्या नोटेतून सुटे परत देताना आपण हेच करतो. म्हणून 67 आणि त्यापुढे 32. संख्या शंभराच्या पुढे गेली, की तिच्याहून मोठे होईल इतके शेकडे बाजूला काढावेत. 248 गुणिले 99 करताना 248 शेकड्यांतून 3 शेकडे काढले की 245 उरतात, आणि 300 मधून 248 गेले की 52, म्हणून उत्तर 24552. सुट्यांची रक्कम एक अंकी आली, तर तिच्या आधी शून्य लिहिण्यास विसरू नये: 95 गुणिले 99 करताना 94 आणि 5 मिळतात, पण उत्तर 945 नसून 9405 असते.

नव्व्याण्णवच्या उत्तराची पडताळणी उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडून करावी. 6732 मध्ये 67 आणि 32 यांची बेरीज 99 येते. 24552 मध्ये 2, 45 आणि 52 यांचीही 99 येते. बेरीज तीन अंकी आली तर तिच्याही जोड्या पाडून पुन्हा बेरीज करावी, शेवटी 99 च आले पाहिजे. चुकीच्या 6799 चे पाहा: 67 आणि 99 मिळून 166, आणि 1 अधिक 66 म्हणजे 67, त्यामुळे चूक लगेच उघडी पडते. केवळ अंकांची बेरीज करून नऊने भाग जातो का, हे पाहणे मात्र पुरेसे नाही. 37 गुणिले 99 चे खरे उत्तर 3663 आहे, पण एकच वजा करून आलेल्या 3699 लाही नऊने भाग जातो. जोड्यांच्या कसोटीलाही एक मर्यादा आहेच: पेट्याच 68 ऐवजी 69 मोजल्या असतील, तर उत्तर 6831 येईल आणि तेही कसोटीला उतरेल.

आता बिलाची बेरीज: 1735 आणि 3575 मिळून 5310, त्यात 6732 मिळवले की 12042. येथे दुरुस्ती शेवटपर्यंत लांबवता येते. 5310 मध्ये 6800 मिळवून 12110 करावेत आणि त्यातून 68 काढावेत.

याच तीन रीती एकमेकींत मिसळून आणखी काही संख्या हाताशी येतात. 95 हे शंभर वजा पाच, म्हणून 68 गुणिले 95 म्हणजे 6800 मधून 340 वजा, अर्थात 6460. 75 हे शंभर वजा पंचवीस, म्हणून 143 गुणिले 75 म्हणजे 14300 मधून 3575 वजा, अर्थात 10725. 499 रुपयांच्या 6 वस्तूंसाठी 3000 मधून 6 काढले की 2994 झाले. 87 सारख्या संख्येसाठी मात्र ही वाट धरू नये, कारण शंभरातून काढायचा भाग 13 पट होतो आणि तो गुणाकार मूळच्या गुणाकाराइतकाच किचकट ठरतो.