मळी नेमकी कुठली? साखर कारखान्याची पुस्तिका मराठीत आणताना

गळीत हंगामाला दोन महिने असताना सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी कारखान्याची इंग्रजी पुस्तिका माझ्याकडे भाषांतराला आली. उसाचं गाळप, रसाचं शुद्धीकरण आणि बाष्पीभवन असे तीन भाग होते. वाचणारे होते हंगामी कामगार. उन्हाळा-पावसाळा शेतात घालवून मोळी पडली की ही माणसं मिलवर, रस निवळवणाऱ्या क्लॅरिफायरवर, रस आटवणाऱ्या क्वाडवर उभी राहतात. अशा कामाला तुम्ही नव्याने हात घालणार असाल, तर माझ्या हातून काय चुकलं आणि ते कसं दुरुस्त झालं हे तुम्हाला आधीच ठाऊक असलेलं बरं.

पहिला मसुदा मी घरी बसून, परिभाषा कोश उघडून केला. व्हॅक्युमला ‘निर्वात’, क्लॅरिफिकेशनला ‘निर्मलीकरण’ आणि मोलॅसिसला ‘मळी’. वर्तमानपत्रात ‘मळीपासून इथेनॉल’ वाचत आल्यामुळे या शेवटच्या शब्दाबद्दल मला शंकासुद्धा आली नाही. क्लॅरिफायरच्या तळाशी बसणाऱ्या गाळाला मी ‘गाळ’च म्हटलं होतं.

मसुदा घेऊन कारखान्यात गेले आणि चार कामगारांना तो मोठ्याने वाचायला सांगितला. ‘मळीच्या टाकीची पातळी दर पाळीला नोंदवा’ या वाक्याशी दोघे थांबले. क्वाडवर पंधरा हंगाम काढलेले अण्णा म्हणाले, “ताई, मळी तर ट्रॉलीत भरून शेतात नेतात. तिला टाकी कुठली?” शेतात खत म्हणून जाते तो प्रेसमड, म्हणजे रसातून निघालेला गाळ फिल्टरवर धुऊन, रस ओढून घेतल्यावर उरलेला चोथा. त्यालाही गावाकडे मळीच म्हणतात. एकाच शब्दात दोन पदार्थ होते, एक काळा दाट पाक आणि दुसरा ओलसर मातकट भुगा. मग मी ‘मळी’ हा शब्द पुस्तिकेतून पूर्ण काढून टाकला. क्लॅरिफायरच्या तळाला ‘मड’, फिल्टरवरून पडतो तो ‘प्रेसमड’, साखर वेगळी केल्यावर उरतं ते ‘मोलॅसिस’. तिन्ही शब्द इंग्रजी खरे, पण कारखान्यात त्यांचा घोळ होत नाही.

तिथून माझा नियम ठरला. यंत्राचं किंवा पदार्थाचं नाव पाळी बदलताना जसं बोललं जातं तसं ठेवायचं, आणि क्रियापद मात्र शुद्ध, रोजच्या मराठीतलं वापरायचं. नवखे भाषांतरकार बहुतेक वेळा याच्या उलट करतात. नाव संस्कृत करतात आणि क्रियापद ‘मेंटेन करा’, ‘रेग्युलेट करा’ असं सोडून देतात. कामगाराला मेंटेन म्हणजे हाताने काय करायचं ते कळत नाही. व्हॉल्व्ह थोडा आवळा, दोन फेरे सोडा, पूर्ण बंद करा, हे त्याला कळतं. एकच इंग्रजी शब्द तीन ठिकाणी तीन वस्तू सांगत असतो, तेही लक्षात ठेवा. ‘फीड’ म्हणजे मिलला ऊस, क्वाडला रस आणि बॉयलरला पाणी. मी तिन्ही ठिकाणी त्या त्या वस्तूचंच नाव लिहिलं.

शुद्धीकरणाच्या भागात ‘रस उदासीन ठेवा’ असं एक वाक्य मी लिहिलं होतं. रसाला चुना आणि गंधकाचा धूर देऊन त्याचा पीएच 7 च्या आसपास आणतात. तो खाली राहिला तर गरम रसातल्या साखरेचं विघटन होऊन ती वाया जाते, फार वर गेला तर रस काळपट होतो. कामगार हे ‘उदासीन’ असं ओळखत नाही, रंगाने ओळखतो. म्हणून वाक्य बदललं: थेंबाचा रंग पिवळा दिसला तर चुना कमी पडतोय, निळा दिसला तर जास्त होतोय, हिरवा हवा. त्या कारखान्यात ब्रोमोथायमॉल ब्लू हे रंग बदलणारं द्रावण वापरतात म्हणून हे रंग. तुमच्या कारखान्यात दुसरं द्रावण असेल तर रंग बदलतील, तेव्हा प्रयोगशाळेत स्वतः थेंब टाकून पाहिल्याशिवाय लिहू नका.

सगळ्यात जास्त वेळ मात्र बाष्पीभवनातल्या एका परिच्छेदाने घेतला. क्वाड म्हणजे एकापुढे एक चार बॉडी, रस उकळण्याची बंद भांडी. सुमारे 15 ब्रिक्सचा, म्हणजे शंभरात पंधरा भाग विरघळलेला ऐवज असलेला, स्वच्छ रस पहिल्या बॉडीत शिरतो आणि चौथीतून 60 ब्रिक्सचा सिरप निघतो. हिशेब सोपा आहे. 100 टन रसात 15 टन विरघळलेला ऐवज असेल, तर तोच ऐवज 25 टन सिरपमध्ये 60 ब्रिक्स होतो. म्हणजे 75 टन पाणी उडवायचं असतं. चौथ्या बॉडीत 25-26 इंच व्हॅक्युम असतो, म्हणून तिथला रस साठ अंशांच्या आतच उकळतो.

मूळ इंग्रजी परिच्छेदाचा आशय असा होता: शेवटच्या बॉडीतला व्हॅक्युम कमी झाल्यास वाफ गार करणाऱ्या कंडेन्सरचं पाणी, हवेची गळती आणि साचलेले वायू तपासावेत आणि रसाचा प्रवाह त्यानुसार राखावा. इंग्रजीत बॉडीलाच इफेक्ट म्हणतात, आणि माझ्या पहिल्या मसुद्यात ‘शेवटच्या इफेक्ट’चं ‘अंतिम परिणाम’ झालं होतं. ते लगेच सापडलं. खरा दोष वाक्यांच्या क्रमात होता आणि तो अण्णांनी दाखवला. व्हॅक्युम पडला की चौथीतली उकळी मंदावते. तिसरीतून चौथीत रस ओढला जातो तो दोन बॉडींतल्या दाबाच्या फरकामुळे, आणि तो फरकच घटलेला असतो. अशा वेळी रस येतच राहिला तर मागच्या बॉडी भरत जातात. म्हणून रस आधी कमी करायचा, कारण नंतर शोधायचं. इंग्रजीत सगळ्यात शेवटी असलेलं काम मराठीत पहिलं आलं. असा बदल भाषांतरकाराने स्वतःच्या अधिकारात करायचा नाही. मी मॅन्युफॅक्चरिंग केमिस्टना दाखवून सही घेतली.

मग ‘व्हॅक्युम कमी झाला’ हे कसं लिहायचं? ‘काटा खाली आला’ चालत नाही, कारण गेजवरचा काटा कोणत्या बाजूला फिरतो ते गेजवर अवलंबून असतं. ‘काटा शून्याकडे सरकला’ हे प्रत्येक गेजला लागू पडतं. कारण ओळखण्याची खूणही इंग्रजीत नव्हती, ती आम्ही घातली. कंडेन्सरमधून बाहेर पडणारं पाणी नेहमीपेक्षा गरम असेल, तर पाणी अपुरं पडतंय. पाणी गार आहे आणि तरी व्हॅक्युम लागत नाही, तर कुठून तरी हवा शिरतेय किंवा वायू बाहेर ओढले जात नाहीत. मग सांध्यांशी सूं असा आवाज ऐकायचा. पाण्याचा गरमपणा हात लावून नाही, थर्मामीटर पाहून ठरवायचा, हेही त्याच ओळीत लिहिलं.

पाणी अपुरं असेल तर व्हॉल्व्ह उघडायचा, पण इथे ‘सावकाश’ हा शब्द ठळक छापून घ्या. व्हॉल्व्ह एकदम सोडला की व्हॅक्युम झपाट्याने चढतो, रस उसळतो आणि वाफेबरोबर कंडेन्सरच्या पाण्यात जातो. ती साखर परत मिळत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. असं काम हंगाम बंद असताना घ्या. तेव्हा बॉडी उघड्या असतात, नळ्यांवरचा थर खरवडला जात असतो, आणि कॅलेंड्रिया, म्हणजे रस तापवणाऱ्या नळ्यांचा जुडगा, कसा असतो ते आत डोकावून दिसतं. व्हॉल्व्हवर रंगाने लिहिलेले आकडे तेव्हाच उतरवून घ्या आणि पुस्तिकेत तेच आकडे वापरा. मी चित्रातले आकडे वापरले होते. त्यांतले तीन व्हॉल्व्ह जागेवर नव्हतेच, कधीतरी बदललेले होते.

हंगाम सुरू झाल्यावर आठवड्याने मी पुन्हा गेले. व्हॅक्युमचं पान प्लॅस्टिकमध्ये घालून क्वाडशेजारी टांगलं होतं. ‘व्हॉल्व्ह सावकाश उघडा’ या ओळीच्या वर अण्णांनी पेनाने एक ओळ वाढवली होती: ‘अगोदर काचेतून रस कुठवर आहे ते बघा.’ पुढच्या छपाईत ती तशीच घेतली.