‘साइट कोऑर्डिनेशन: उत्तम’ म्हणजे नेमकं केलं काय?

मागच्या वर्षी आमच्या संभाजीनगरच्या ऑफिसात एक आर्किटेक्ट हवा होता. जाहिरातीत तीनच गोष्टी मागितल्या होत्या: ऑटोकॅडवर वर्किंग ड्रॉइंग, साइट कोऑर्डिनेशन आणि पूर्ण झालेल्या एका तरी रुग्णालयाचं काम. आलेल्या बहुतेक रेझ्युमेंमध्ये आमचेच शब्द आम्हाला परत आले. जाहिरातीतलं ‘साइट कोऑर्डिनेशन’ उचलायचं, पुढं ‘उत्तम’ लावायचं, झालं! पाच वर्षं बी.आर्क. करणाऱ्या लेकरांना रेझ्युमेसाठी एक संध्याकाळ काढवत नाही, याचा मला राग येतो.

त्यातलाच एक रेझ्युमे मी बाजूला टाकला होता. ‘हॉस्पिटल प्रोजेक्ट, बीड. साइट कोऑर्डिनेशन: उत्तम.’ बस, एवढंच. पुढं एका ओळखीच्या आरसीसी कन्सल्टंटनं त्याच पोराचं नाव सांगितलं म्हणून बोलावलं. चहा घेता घेता विचारलं, “साइटवर कधी काम थांबवलंस का?”

“एकदाच, सर. पहिल्या मजल्याचा स्लॅब होता.”

मग त्यानं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कास्टिंग होतं. हा सेंट्रिंगवर चढला, तर वॉर्डाच्या टॉयलेटची जागा बाकीच्या स्लॅबच्याच लेव्हलला. तिथं सनकन स्लॅब हवा होता, ३०० मिलिमीटर खाली. खाली उतरून ठेकेदाराच्या हातातलं ड्रॉइंग बघितलं, तर ते आर-वन, म्हणजे पहिली आवृत्ती. अटॅच टॉयलेट आले होते तिसऱ्या आवृत्तीत, आमच्या भाषेत आर-थ्रीला, आणि ते बदललेलं ड्रॉइंग आरसीसीवाल्याकडं पोचलंच नव्हतं. यानं कास्टिंग दोन दिवस पुढं ढकललं, कन्सल्टंटकडून बीमची खोली तपासून घेतली आणि सुधारित ड्रॉइंग हातात आल्यावरच शटरिंग खाली घेऊ दिलं. नाहीतर पाइप झाकायला टॉयलेटची फरशी उचलावी लागली असती आणि दारात पायरी आली असती. व्हीलचेअरसाठी ९०० मिलिमीटरचं मोकळं दार ठेवायचं आणि त्याच्याच तोंडाशी पायरी बांधायची!

“अरे, मग हे रेझ्युमेत का नाही?”

“ते काय लिहायचं, सर... रोजचंच काम आहे.”

मी तर कपाळावर हात मारला. आम्ही पैसे त्या रोजच्याच कामाचे देतो.

दुसरा घोळ ‘पूर्ण’ या शब्दाचा. या पोराचं रुग्णालय भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत गेलेलं होतं, पण डिझाइन त्याचं नव्हतं. म्हणून त्यानं मोघम लिहिलं. दुसरे काही जण उलटं करतात. जोत्यावर नोकरी सोडलेली असते आणि रेझ्युमेत पुऱ्या इमारतीचा थ्री-डी फोटो असतो. पहिल्याचा संकोच कळतो, दुसरी मात्र सरळ लबाडी आहे. तुम्ही आलात तेव्हा काम कुठं होतं आणि सोडलंत तेव्हा कुठं, एवढं लिहिलं की भागतं. ‘इन्स्टिट्यूशनल’ लिहून मात्र भागत नाही, त्यात शाळाही येते आणि वसतिगृहही. रुग्णालय मागितलंय तर रुग्णालय म्हणा, खाटा किती ते सांगा.

त्या पोराला मी तिथंच कागद दिला आणि लिहायला लावलं:

“३० खाटांचं रुग्णालय, तळमजला अधिक दोन, बीड, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं. मूळ डिझाइन ऑफिसचं. वॉर्डांच्या टॉयलेटची वर्किंग ड्रॉइंग माझी, ऑटोकॅडवर ११ शीट. पहिल्या स्लॅबपासून आठवड्यातून दोनदा साइटवर. आरसीसी आणि प्लंबिंग ड्रॉइंगचा आमच्या ड्रॉइंगशी मेळ घालणं माझ्याकडं. सनकन स्लॅबची चूक कास्टिंगआधी पकडली.”

जाहिरातीतल्या तिन्ही गोष्टी यात आल्या, आणि ‘उत्तम’ कुठंच नाही. माझी स्वतःची सवय अशी की जाहिरात छापून घ्यायची आणि प्रत्येक मागणीसमोर पेनानं एक शीट किंवा साइटवरचा एक दिवस लिहायचा. काही सुचलं नाही तर जागा कोरी सोडायची.

सॉफ्टवेअरच्या त्या टक्केवारीच्या पट्ट्या काढून टाका. ‘ऑटोकॅड ९० टक्के’ म्हणजे उरलेले दहा कुठले? रेव्हिटमध्ये तयार मॉडेलमधून फक्त शीट काढल्या असतील तर तसंच लिहा, चालतं.

कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक वरच टाका. १९७२ च्या कायद्यानं नोंदणीशिवाय नावापुढं ‘आर्किटेक्ट’ लावता येत नाही.

आणि खोटं लिहिण्याआधी एक लक्षात ठेवा: मराठवाड्यात हे क्षेत्र लहान आहे. बीडचा तो सेंट्रिंगवाला आता आमच्या जालन्याच्या साइटवर आहे. पोराला नेमणूकपत्र देण्याआधी मी त्यालाच फोन लावला होता. तो म्हणाला, “तेच ना, ज्यानं माझे दोन दिवस बुडवले?”