‘यावर काय मॅच होईल?’ फोटो बघून रंग सुचवताना या चुका टाळा

कापडाचा फोटो येतो आणि सोबत एवढाच प्रश्न असतो. फोटोत दिसतोय तोच कापडाचा रंग, असं धरून लगेच उत्तर देणं ही इथली सगळ्यात महागात पडणारी चूक.

समजा, फोटोत मरून कापड दिसतंय आणि त्यावर बारीक मस्टर्ड पानं आहेत. ‘मस्टर्ड किंवा विटकरी घ्या’ हे उत्तर चटकन सुचतं. पण आधी फोटोचे कोपरे बघा. टेबलावर पांढरा कागद पडलेला आहे आणि तोही जवळजवळ पानांइतकाच पिवळा दिसतोय. म्हणजे फोटो पिवळ्या बल्बखाली काढलाय. पानं बहुतेक क्रीम आहेत आणि कापड मरून नसून वाईन असू शकतं, कारण पिवळ्या उजेडात वाईनमधली जांभळट झाक मरते. त्या वाईनशेजारी विटकरी ठेवला तर दोन्ही रंग मळकट वाटतात. फोटो एडिटरमध्ये वॉर्म्थ कमी करत कागद पांढरा दिसेपर्यंत आणा, खऱ्या रंगाचा बराच अंदाज येतो.

फोटोत नुसतंच कापड भरलेलं असेल तर हा आधार मिळत नाही. शिवाय कॅमेरा उजेड आपोआप सावरतो, त्यामुळे फ्रेमभर काळं कापड राखाडी दिसू शकतं आणि फ्रेमभर गडद रंग फिका पडतो. अशा वेळी दुसरा फोटो मागवावा: दिवसा, खिडकीपाशी पण थेट उन्हात नाही, कापडाशेजारी पांढरा कागद ठेवून. त्यात संकोच कसला? चुकीच्या रंगाचं कापड आणल्यावर होणारा मनस्ताप जास्त वाईट.

दुसरी चूक बारीक डिझाइनची. लाल-पांढऱ्या बारीक चौकड्या जवळून लाल दिसतात, चार पावलांवरून गुलाबी. फोटो अंगठ्याएवढा करून बघा. लोकांना लांबून तोच रंग दिसणार आहे, जोडी त्याच्याशी जमली पाहिजे. प्रिंटमधला एखादा छोटा रंग उचलणं मला आवडतं, पण तो लहान केलेल्या फोटोतही टिकला तरच.

कापडाचं काय शिवायचंय हेही माहीत नसतं. त्यासाठी प्रश्नांची सरबत्ती नको. एक गोष्ट गृहीत धरा आणि तसं सांगा. वरच्या कापडासाठी मी असं लिहीन: ‘शर्ट असेल असं धरतोय. खाली क्रीम किंवा गडद नेव्ही पँट चालेल, कापड मरून निघालं तरी आणि वाईन निघालं तरी. विटकरी मात्र दिवसाच्या उजेडात शेजारी धरून बघितल्याशिवाय घेऊ नका. पडदे असतील तर भिंतीचा रंग कळवा.’ नुसतं ‘निळा’ कधीच लिहू नये, कारण आकाशी आणि नेव्ही दोन्ही निळेच आणि या कापडावर दोघांचा परिणाम अगदी वेगळा.