न वाचता येणाऱ्या भाषेतल्या फोनवर नोटिफिकेशन बंद करताना या चुका टाळा

फोनची भाषा वाचता येत नसली की बहुतेकजण सेटिंग्जमध्ये शिरतात, अ‍ॅपचं चिन्ह ओळखतात आणि सगळ्यात वरचं बटण बंद करतात. पहिली चूक इथेच होते. ते बटण संपूर्ण अ‍ॅपचं असतं. खरेदीच्या अ‍ॅपमधल्या सवलतींच्या जाहिराती थांबतात, पण त्यांच्यासोबत ‘तुमचं पार्सल आज येणार’ हा निरोपही थांबतो. शिवाय एकदा बंद केलेलं बटण अ‍ॅपला स्वतःहून चालू करता येत नाही, त्यामुळे चूक बरेच दिवस ध्यानातच येत नाही.

अँड्रॉइड ८ पासून अ‍ॅपची नोटिफिकेशन्स वेगवेगळ्या प्रकारांत विभागलेली असतात आणि प्रत्येक प्रकाराला स्वतःचं बटण असतं. यादीतली नावं वाचता येत नसतील तर अंदाजाने बटणं दाबू नका. त्रास देणारी जाहिरात येईपर्यंत थांबा. आली की ती बाजूला न सरकवता तिच्यावर बोट दाबून धरा. आता जो चौकोन उघडेल तो त्याच प्रकाराचा असतो, त्यामुळे नाव वाचायची गरजच उरत नाही. त्यात साधारणपणे एक वाजती घंटा आणि एक तिरकी रेघ मारलेली घंटा दिसते. रेघवाली निवडा आणि खालचं ‘झालं’ अशा अर्थाचं बटण दाबा. काही कंपन्यांच्या फोनवर मांडणी वेगळी असते. तिथे दातेरी चाक दाबलं की नोटिफिकेशनच्या सेटिंग्जचं पान उघडतं.

रेघवाली घंटा म्हणजे नोटिफिकेशन येतं, पण आवाज किंवा थरथर होत नाही. भाषा कळत नसताना पूर्ण बंद करण्यापेक्षा हेच बरं, कारण चुकून नको तो प्रकार निवडला गेला तरी निरोप पडद्यावर सापडतो.

उर्दू किंवा अरबी भाषेतला फोन असेल तर मांडणी आरशातल्यासारखी उलटी होते. सरकवायचं बटण डावीकडे येतं आणि त्याचा गोळा डावीकडे गेला की ते चालू असतं. म्हणून बाजूवर विसंबू नका, रंग पाहा. रंग भरलेला असेल तर बटण चालू, फिका असेल तर बंद.

शांत केल्यावर महत्त्वाचं काही आवाज न करता आलं, तर आधी सगळ्यात वरच्या पट्टीत चंद्रकोर किंवा वजाबाकीचं चिन्ह असलेला गोल दिसतो का ते बघा. दिसला तर साऱ्या फोनचाच ‘व्यत्यय नको’ मोड चालू आहे. अ‍ॅपला हात लावू नका. नसेल तर त्या निरोपावर बोट दाबून धरा आणि वाजती घंटा परत निवडा. निरोप येतच नसेल तर अ‍ॅपच्या चिन्हावर बोट दाबून धरा, गोलातला i निवडा आणि नोटिफिकेशनच्या पानावर सगळ्यात वरचं बटण रंगीत आहे का तपासा.

काही अ‍ॅप्स जाहिरात आणि कामाचा निरोप एकाच प्रकारात पाठवतात. तिथे फोनच्या सेटिंग्जचा उपयोग होत नाही. अ‍ॅपच्या आतल्या सेटिंग्जमध्येच जाहिराती बंद कराव्या लागतात.