कॉन्ट्रॅक्ट-टू-हायर: ‘पर्मनंट कधी करणार?’ हे एजन्सीला कसं विचारावं

कॉन्ट्रॅक्ट संपायला दोन महिने राहिले की बहुतेक जण एजन्सीला एका ओळीचा मेल टाकतात: ‘माझ्या पर्मनंटचं काय झालं?’ त्याला ठरलेलं उत्तर येतं: ‘क्लायंट तुमच्यावर खूश आहे, काही कळलं की सांगतो.’ मी बरीच वर्षं स्टाफिंग एजन्सीत अकाउंट सांभाळले आहेत आणि हे उत्तर मीही पुष्कळदा पाठवलंय. त्यात खोटं काही नसतं, पण हाती लागण्यासारखंही काही नसतं. प्रश्नच इतका मोघम असतो की दुसरं काय लिहावं हे समोरच्यालाही सुचत नाही. नेमकं उत्तर हवं असेल तर आधी हा निर्णय कुठे कुठे अडतो ते माहीत हवं.

निर्णय तीन जागी अडतो

तुमचा पगार एजन्सीच्या पेरोलवरून येतो आणि काम क्लायंट कंपनीत चालतं. या दोघांमध्ये एक वेगळा करार असतो, जो तुम्हाला दाखवला जात नाही. पर्मनंट होण्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. पहिली, तुम्ही ज्या मॅनेजरच्या हाताखाली काम करता त्याला तुम्ही हवे असणं. दुसरी, कंपनीत त्या कामासाठी पर्मनंट जागा मंजूर असणं. तिसरी, तुम्हाला एजन्सीकडून आपल्याकडे घेण्याबद्दल कंपनीने एजन्सीला जे द्यायचं असतं त्याचा हिशोब मिटणं. याला कन्व्हर्जन फी म्हणतात.

लोकांचा सगळा जीव पहिल्या गोष्टीत अडकलेला असतो. मॅनेजर कौतुक करतो म्हणजे आपलं काम झालं, आणि तो विषय काढत नाही म्हणजे आपण नापास झालो, असं त्यांना वाटतं. माझा अनुभव असा की चांगलं काम करणाऱ्याचं प्रकरण बहुतेक वेळा दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी अडलेलं असतं. जागेची मंजुरी मॅनेजरच्या हातात नसते. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाचा खर्च एका खात्यातून जातो आणि पर्मनंट माणसाचा दुसऱ्या. त्यामुळे टीममध्ये तुमच्यासाठी काम भरपूर असलं तरी कागदावर जागा असेलच असं नाही.

फीचं घड्याळ

तिसरी जागा जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्याबद्दल कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला कोणी काही सांगत नाही. अनेक करारांत ही फी तुमच्या बिल झालेल्या तासांनुसार कमी होत जाते. सुरुवातीच्या काळात कंपनीने तुम्हाला उचललं तर पूर्ण फी, मधल्या टप्प्यात कमी आणि ठरलेले तास भरले की शून्य. मधल्या काळात तुमच्या प्रत्येक तासावर एजन्सीला तिचा वाटा मिळत राहतो आणि फीची भरपाई तिथून होते.

एक उदाहरण घेऊ. समजा कॉन्ट्रॅक्ट २६ आठवड्यांचं आहे आणि आठवड्याला ४० तास. एकूण १०४० तास. करारात असं आहे की ५२० तासांच्या आत घेतलं तर पूर्ण फी, त्यानंतर निम्मी आणि १०४० तास भरले की काहीच नाही. तुमचे १८ आठवडे झाले आहेत. हिशोबाने ७२० तास व्हायला हवेत, पण सुट्ट्या आणि आजारपण धरून तुमचे सहा दिवस गेले, म्हणजे ४८ तास. सुट्टीचे तास बिल होत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात झाले ६७२. उरलेल्या आठ आठवड्यांत एकही सुट्टी न घेता ३२० तास भरतील, एकूण ९९२. म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपेल त्या दिवशी शून्य फीला ४८ तास कमी पडतील.

आता हेच कंपनीच्या बाजूने पाहा. आज तुम्हाला घेतलं तर निम्मी फी भरावी लागते. थोडं थांबलं तर काहीच नाही. मॅनेजरला तुम्ही कितीही हवे असलात तरी त्याचा खरेदी विभाग थांबायलाच सांगेल. मग शेवटच्या आठवड्यात तुम्हाला महिन्याभराचं एक्स्टेन्शन मिळतं आणि तुम्ही हिरमुसता. पण ते एक्स्टेन्शन केवळ तास भरण्यासाठी असू शकतं. बाहेरून नकारासारखी दिसणारी गोष्ट आतून होकाराच्या जवळची असते, म्हणून कारण विचारणं इतकं महत्त्वाचं.

सगळे करार असे नसतात. काहींमध्ये फी ठरावीक असते, काहींमध्ये ठरावीक महिन्यांआधी घेताच येत नाही. तुमच्या करारात काय आहे ते एजन्सीच सांगू शकते.

मेल पाठवण्याआधी

एजन्सीबरोबर तुम्ही सही केलेला कागद काढून वाचा. त्यात तीन ठिकाणी खूण करा: संपण्याची तारीख, नोटीस पीरियड आणि क्लायंटशी थेट नोकरीची बोलणी करण्यावर बंधन आहे का ते. असं बंधन असेल तर पगार किंवा फीचा विषय मॅनेजरकडे काढू नका. ‘माझ्या कामात काय सुधारणा हवी’ हे मात्र त्याला खुशाल विचारा.

मग टाइमशीटवरून आपले मंजूर झालेले तास मोजा. भरलेले नाही, मंजूर झालेले. एखाद्या आठवड्याची टाइमशीट मॅनेजरकडे तशीच पडून असेल तर ते तास हिशोबात येत नाहीत.

मेल कोणाला पाठवायचा हेही बघा. तुम्हाला नोकरीला लावणारा रिक्रूटर तुमच्या ओळखीचा असतो, पण तुम्ही रुजू झालात की तो पुढच्या जागा भरण्यात गुंतलेला असतो. क्लायंटशी बोलतो तो अकाउंट मॅनेजर. मेल त्याला, आणि रिक्रूटरला फक्त प्रत.

वेळ साधारण आठ आठवडे आधीची धरा. जागेची मंजुरी, ऑफर, कागदपत्रांची तपासणी यात आठवडे जातात. शेवटच्या पंधरवड्यात विचारलं तर एक्स्टेन्शनखेरीज कोणाच्याच हातात काही उरत नाही.

मेल

वरच्या उदाहरणातल्या माणसाने असा मेल लिहावा:

> विषय: कॉन्ट्रॅक्ट संपायला आठ आठवडे – पर्मनंट होण्याची प्रक्रिया
>
> नमस्कार मॅडम,
>
> माझ्या कॉन्ट्रॅक्टचे १८ आठवडे पूर्ण झाले आहेत. माझ्या हिशोबाने मंजूर तास ६७२ आहेत, आपल्याकडील आकडा हाच आहे का ते कृपया पाहावं. याच टीममध्ये पर्मनंट होण्याची माझी इच्छा आहे. त्यासाठी चार गोष्टी समजून घ्यायच्या आहेत:
>
> १. पर्मनंट करण्याचा निर्णय क्लायंटकडे कोण घेतं आणि माझ्या कामाचा अभिप्राय आपल्याकडे लेखी आला आहे का?
> २. या कामासाठी पर्मनंट जागा मंजूर आहे, मागितली आहे, की अजून मागितलेलीच नाही?
> ३. आपल्या आणि क्लायंटच्या करारात ठरावीक तास किंवा महिने पूर्ण होण्याची अट आहे का? रक्कम नको, अट कोणत्या तारखेला पूर्ण होते एवढंच कळलं तरी चालेल.
> ४. निर्णय साधारण कोणत्या तारखेपर्यंत अपेक्षित आहे?
>
> या आठवड्यात फोनवर पंधरा मिनिटं बोलता आलं तर बरं होईल. बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी मी मोकळा आहे.

दुसऱ्या प्रश्नातले तीन पर्याय आणि तिसऱ्यातलं ‘रक्कम नको’ हे शब्द गाळू नका. जागा ‘आहे का’ विचारलं तर ‘बघताहेत’ असं उत्तर येतं. तीन पर्याय दिले की समोरच्याला त्यातला एक निवडावा लागतो. फीची रक्कम गोपनीय असते, ती विचारली की अकाउंट मॅनेजर गप्प होतो. तारीख सांगायला मात्र त्याची सहसा हरकत नसते.

उत्तर कसं वाचावं

‘क्लायंट खूश आहे’ एवढंच आलं तर उत्तर मिळालेलं नाही असं समजा आणि फोनवर दुसरा प्रश्न पुन्हा विचारा. ‘बजेटची वाट बघताहेत’ असं आलं तर जागेची मागणी कोणत्या महिन्यात गेली ते विचारा. महिना सांगता आला नाही तर बहुधा मागणी गेलेलीच नाही. तेव्हा मॅनेजरशी कामाबद्दल बोलताना ‘पुढच्या सहामाहीत या कामासाठी टीम किती लागेल’ असं विचारायला हरकत नाही. पगाराचा किंवा फीचा विषय न काढताही जागेचा अंदाज येतो.

एक्स्टेन्शन मिळालं तर सही करण्याआधी एवढंच विचारा: हे तास भरण्यासाठी आहे, मंजुरी यायची आहे म्हणून, की फक्त काम उरलंय म्हणून? पहिल्या दोन कारणांत थांबण्याला अर्थ आहे. तिसऱ्यात नाही, आणि तसं असेल तर त्याच आठवड्यात दुसरीकडे अर्ज सुरू करावेत. दुसऱ्यांदा एक्स्टेन्शन आलं आणि कारण पुन्हा तेच मिळालं, तर त्या जागेवर मी भरवसा ठेवणार नाही.

कधी कंपनी तुम्हाला तिच्या वेबसाइटवर रीतसर अर्ज करायला सांगते. यात अपमान वाटून घेऊ नका. जागा सर्वांसाठी जाहीर करण्याचा अनेक कंपन्यांचा नियम असतो. फक्त अर्ज करण्याआधी अकाउंट मॅनेजरला लेखी कळवा, नाहीतर तुम्ही एजन्सीला डावलून गेलात असा अर्थ निघून फीचा वाद उभा राहतो. असा वाद मिटेपर्यंत ऑफर अडकलेली मी पाहिली आहे.

पाच कामाचे दिवस उत्तर आलं नाही तर त्याच मेलवर दोन ओळींची आठवण, त्यानंतर दोन दिवसांनी फोन. फोनवर जे ठरलं ते लगेच लिहून पाठवा: ‘आपल्या बोलण्याप्रमाणे जागेची मागणी गेली आहे, उत्तर महिनाअखेर अपेक्षित आहे. मी एक तारखेला पुन्हा फोन करतो.’ अकाउंट मॅनेजर बदलला तर नव्या माणसापुढे ठेवायला तुमच्याकडे हा मेल असतो.

ऑफर आली की

तासाचा दर गुणिले वर्षाचे तास असा पगार धरून बसू नका. कंपनी तिच्या श्रेणीप्रमाणे आकडा काढते. तो कमी दिसला तर सुट्ट्या, विमा आणि इतर सोयी धरून तुलना करा. कॉन्ट्रॅक्टचा काळ नोकरीच्या वर्षांत धरणार का आणि नव्याने प्रोबेशन लागणार का, हे एचआरला विचारून ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. कंपनीचं सही झालेलं पत्र हातात येऊन रुजू होण्याची तारीख पक्की होईपर्यंत एजन्सीकडे राजीनामा देऊ नका. आणि एजन्सीचा नोटीस पीरियड त्या तारखेच्या आत बसतो का, तो दोघांपैकी कोणी माफ करणार आहे का, हे राजीनाम्याच्या मेलमध्येच लिहा.