रजिस्टरात दोन कॉम्प्रेसर, शेडमध्ये एक: स्थिर मालमत्तेची पडताळणी कशी करावी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत मशीनचे सुटे भाग बनवणारी एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. 2025 च्या मार्चमध्ये तिच्या मालमत्तेची पडताळणी करायला मी गेलो होतो. रजिस्टरात दोन स्क्रू कॉम्प्रेसर होते. शेडमागच्या पत्र्याच्या खोलीत मात्र एकच मशीन धडधडत होतं. आदल्या वर्षीच्या पडताळणीच्या कागदावर दोन्ही ओळींपुढे बरोबरची खूण होती. यादीच्या दोन वेगवेगळ्या पानांवर 'स्क्रू कॉम्प्रेसर, 1 नग' असं लिहिलेलं होतं, आणि खूण करणाऱ्याने तेच मशीन पाहून दोनदा टिक केली होती.

ही चूक कशी सापडते आणि सापडल्यावर काय करायचं, हे याच कॉम्प्रेसरच्या आधाराने सांगतो. पडताळणीच्या बहुतेक सगळ्या पायऱ्या त्यात येतात.

आधी रजिस्टर नीट करा, मग शेडमध्ये जा

यादीची छापील प्रत घेऊन थेट मशीनकडे धावू नका. आधी रजिस्टरातल्या मूळ किंमतीची आणि साचलेल्या घसाऱ्याची वेगवेगळी बेरीज खातेवहीतल्या त्या त्या शिल्लकेशी जुळते का ते पाहा. कुठेही फरक असेल तर तुम्ही चुकीची यादी हातात घेऊन मोजणी करणार आहात.

नंतर प्रत्येक ओळीत मेक, मॉडेल, कारखान्याचा सीरियल नंबर, जागा, बिलाचा नंबर आणि वापर सुरू झाल्याची तारीख आहे का ते तपासा. कंपनीच्या ऑडिटरला कॅरो 2020 या ऑडिट अहवालाबद्दलच्या सरकारी आदेशाप्रमाणे याच गोष्टींवर अहवाल द्यावा लागतो: नग आणि जागेसह पूर्ण तपशील ठेवला आहे का, ठरावीक काळाने प्रत्यक्ष पडताळणी होते का, आणि मोठी तफावत निघाली तर ती हिशेबात नीट घेतली का. (कॅरो सगळ्याच छोट्या कंपन्यांना लागू नाही, पण रजिस्टर कसं असावं याचं माप म्हणून ते उत्तम आहे.) आमच्या यादीत सीरियल नंबरचा रकाना रिकामा होता. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

टॅग: चिकटवायचा की ठोकायचा

ऑफिसमधल्या लॅपटॉपला आणि खुर्चीला बारकोडचं स्टिकर पुरतं. शेडमध्ये ते टिकत नाही. लेथवर कूलंट उडतं, कॉम्प्रेसरचं अंग तापतं, आणि सहा महिन्यांत कागद सुटून तेलात पडतो. तिथे नंबर कोरलेली अ‍ॅल्युमिनियमची छोटी पट्टी रिव्हेटने ठोका. ती मशीनच्या मूळ सांगाड्यावर बसवा. झाकणावर किंवा दारावर बसवू नका, कारण ती बदलतात आणि टॅग त्यांच्याबरोबर जातो. डाय आणि फिक्श्चरवर नंबर सरळ पंच करा.

नंबरात विभागाचं नाव घालायचा मोह टाळा. 'लेथशॉप-07' असं लिहिलेलं मशीन उद्या पॅकिंगच्या शेडमध्ये गेलं की नंबरच खोटं बोलू लागतो. साधा चालू क्रमांक ठेवा आणि जागा रजिस्टरात लिहा. बाद झालेल्या वस्तूचा नंबर दुसऱ्या वस्तूला कधीही देऊ नका.

दोन्ही दिशांनी मोजा

पहिली फेरी रजिस्टरकडून शेडकडे: यादीतली प्रत्येक वस्तू शोधायची. दुसरी फेरी शेडकडून रजिस्टरकडे: समोर दिसणारी प्रत्येक वस्तू यादीत आहे का ते पाहायचं. बहुतेक जण पहिली फेरी करून थांबतात. तेवढ्याने न सापडलेल्या वस्तू कळतात, पण नोंदच न झालेल्या वस्तू कळत नाहीत.

मोजणारे दोघे असावेत, एक हिशेब विभागातला आणि एक शॉपमधला. ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याने स्वतः खूण करू नये. मोजणीच्या कागदावर सीरियल नंबर आधीच छापू नका. तो मशीनवरच्या मूळ कंपनीच्या पट्टीवरून वाचून हाताने लिहायला लावा, म्हणजे मशीनपर्यंत गेल्याशिवाय रकाना भरता येत नाही. मशीन चालू आहे, बंद आहे की मोडलं आहे, तेही लिहा.

आम्ही कॉम्प्रेसरच्या पट्टीवरचा सीरियल नंबर वाचला आणि दोन्ही खरेदी-बिलांशी ताडून पाहिला. तो 2022 च्या बिलाशी जुळला. मग 2019 चा कॉम्प्रेसर कुठे, असं फोरमनकाकांना विचारलं. ते पटकन म्हणाले, "ए तो क्यारनुं गयुं." नवं मशीन आलं तेव्हा जुनं एक्स्चेंजमध्ये त्याच ट्रकमधून परत गेलं होतं. शॉपमधल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. हिशेबाच्या टेबलापर्यंत ते पोचलंच नव्हतं.

दुसऱ्या फेरीत उलट प्रकार निघाला. एका जुन्या लेथवर नवा डिजिटल रीडआउट बसवलेला होता आणि तो रजिस्टरात नव्हता. त्याचं बिल 'मशिनरी दुरुस्ती' खात्यात पडलं होतं. म्हणून दुसऱ्या फेरीआधी दुरुस्ती खात्यातली मोठी बिलं काढून सोबत ठेवा.

जॉब वर्कवाल्याकडे असलेल्या डाय-फिक्श्चरसाठी चलन पाहा आणि त्याच्याकडून सही-शिक्क्याची यादी मागवा. महागड्या डाय असतील तर मी स्वतः जाऊन पाहतो.

कुठला खर्च मालमत्ता, कुठला नुसता खर्च

रीडआउटसारखे घोळ टाळायचे तर भांडवली खर्चाचं धोरण लेखी हवं. किती रुपयांवरची वस्तू मालमत्ता धरायची याची रेषा कंपनीने स्वतः आखायची असते. जुन्या कंपनी कायद्यात 5,000 रुपयांपर्यंतच्या वस्तूंवर शंभर टक्के घसाऱ्याची तरतूद होती. 2013 च्या कायद्याच्या शेड्यूल 2 मध्ये ती उरली नाही, तरी कित्येक ऑफिसांत तीच रेषा सवयीने चालू आहे. आमच्या कंपनीने 10,000 रुपये ठरवले. सोबत एक वाक्य जोडलं: एकाच वेळी घेतलेल्या सारख्या वस्तूंचा विचार एकत्र करायचा. नाहीतर 4,000 रुपयांच्या चाळीस खुर्च्या एका दमात खर्चात जातात.

मशीनच्या किंमतीत भाडं, पाया, जोडणी आणि चाचणीचा खर्च येतो. कामगारांचं प्रशिक्षण आणि वार्षिक देखभाल करार येत नाही. दुरुस्तीने मशीन पूर्वीसारखं चालू झालं तर तो खर्च. तिने आयुष्य किंवा क्षमता वाढवली तर ती मालमत्ता.

आता कॉम्प्रेसरचा हिशेब

सगळे आकडे जीएसटी वगळून आहेत. जुना कॉम्प्रेसर 1 एप्रिल 2019 ला 6,00,000 रुपयांना घेतला. शेड्यूल 2 प्रमाणे सर्वसाधारण यंत्राचं आयुष्य 15 वर्षं आणि शेवटी उरणारी किंमत 5 टक्के, म्हणजे 30,000. राहिलेले 5,70,000 पंधरा वर्षांत वाटले की समान हप्त्याने वर्षाला 38,000 घसारा.

30 सप्टेंबर 2022 ला तो एक्स्चेंजमध्ये गेला. तोवर साडेतीन वर्षांचा घसारा 1,33,000 झाला होता, म्हणजे पुस्तकी किंमत 4,67,000. एक्स्चेंजचे मिळाले 1,50,000. त्या दिवशीच 3,17,000 चा तोटा लिहायला हवा होता. प्रत्यक्षात नव्या मशीनची 8,00,000 किंमत सोडून 'वजा एक्स्चेंज' करून उरलेले 6,50,000 तेवढे नोंदले गेले आणि जुनी ओळ तशीच राहिली.

31 मार्च 2025 पर्यंत, म्हणजे पुढची अडीच वर्षं, नसलेल्या मशीनवर 95,000 घसारा लागला. नव्या मशीनची किंमत दीड लाखाने कमी धरल्यामुळे त्याचा घसारा वर्षाला 9,500, म्हणजे एकूण 23,750 कमी पडला. दुरुस्ती अशी केली: जुन्याची उरलेली पुस्तकी किंमत 3,72,000 काढून टाकली, आणि नव्याच्या किंमतीत 1,50,000 व साचलेल्या घसाऱ्यात 23,750 वाढवले. निव्वळ बोजा 2,45,750. पडताळा पाहा: 3,17,000 मधून 95,000 वजा, 23,750 अधिक, तेवढाच आकडा. इंड एएस नव्हे तर साधी अकाउंटिंग स्टँडर्ड, म्हणजे एएस, पाळणाऱ्या अशा छोट्या कंपनीत ही रक्कम मागील काळातली बाब म्हणून वेगळी दाखवावी लागते. चालू वर्षाच्या घसाऱ्यात मिसळून ती लपवू नये.

ही चूक अडीच वर्षं का दिसली नाही? आयकरात मशिनरीचा एकत्र ब्लॉक असतो. त्यात 8,00,000 मिळवून 1,50,000 वजा करा किंवा सरळ 6,50,000 मिळवा, शिल्लक तीच येते. रिटर्न बरोबर होतं म्हणून कोणी मागे वळून पाहिलं नाही.

जीएसटी मात्र तसा माफ करत नाही. जुनं मशीन देणं हाही पुरवठाच आहे, आणि त्याचं बिल कंपनीने काढायला हवं होतं. खरेदीच्या वेळी 18 टक्क्यांनी 1,08,000 क्रेडिट घेतलं होतं. दर तिमाहीला 5 टक्के याप्रमाणे 14 तिमाहींचे 70 टक्के गेले, राहिले 32,400. दीड लाखावरचा कर 27,000. दोन्हींत जास्त असेल तो भरायचा, म्हणून 32,400 आणि वर व्याज.

घसाऱ्याचे दर तपासताना

सगळ्या ओळी पुन्हा मोजायची गरज नाही. मोठ्या दहा-बारा वस्तू हाताने मोजा आणि प्रत्येक वस्तू योग्य गटात आहे का तेवढं पाहा. 60,000 चा लॅपटॉप संगणकाच्या 3 वर्षांत धरला तर वर्षाला 19,000 घसारा. चुकून यंत्राच्या 15 वर्षांत गेला तर फक्त 3,800. फर्निचरला 10 वर्षं, ऑफिसच्या उपकरणांना 5, सर्व्हरला 6.

यंत्राची 15 वर्षं एका पाळीची आहेत. जेवढा काळ दोन पाळ्या चालल्या तेवढ्या काळाचा घसारा दीडपट, तीन पाळ्यांचा दुप्पट. हजेरीपत्रक मागवा, हिशेबवाल्याला पाळ्या क्वचितच माहीत असतात. आयकराचे 15, 40, 10 टक्के हे वेगळं गणित आहे. ते कंपनीच्या पुस्तकात आणू नका.

नुसतं बंद पडलेल्या मशीनचा घसारा थांबत नाही. ते वापरातून काढून विकायला ठेवलं की थांबतो. मग ते पुस्तकी किंमत आणि विकून हाती येणारी रक्कम यांत कमी असेल त्यावर ठेवायचं. आणि घसारा संपला तरी वस्तू कामात असेल तर तिची ओळ पुसू नका.

बाहेर जाताना

जी वस्तू फाटकातून बाहेर जाते तिच्यासाठी आम्ही एकच फॉर्म केला: टॅग नंबर, कारण, मंजुरीची सही, मिळणारी रक्कम. भंगारात गेली तर वजनकाट्याची पावती जोडायची. दुरुस्तीला गेली तर परतीची तारीख लिहायची. एक प्रत हिशेबात आल्याशिवाय वॉचमन गाडी सोडत नाही, आणि बाहेर जाणाऱ्या मशीनवरची पट्टी काढून त्या प्रतीला टाचायची. एक्स्चेंजच्या खरेदीत तर नव्या मशीनचं बिल पास करण्याआधीच हा फॉर्म मागायचा. जुन्या कॉम्प्रेसरच्या वेळी फक्त परतणारा ट्रक होता आणि फाटक उघडं होतं.